बाजार-अहवालाचा एकपानी मराठी सारांश: प्रत्येक कलाच्या शेजारी नमुना आणि त्रुटीमर्यादा कशी ठेवायची

ग्राहक-सर्वेक्षणाचा अहवाल बहुधा इंग्रजीत येतो, साठेक पानांचा, आणि पणजीच्या किंवा मडगावच्या ऑफिसात तो नव्याने रुजू झालेल्या माणसाच्या टेबलावर पडतो. "एका पानात मराठीत करून दे, पात्रांवांना वाचायचंय." नवखा माणूस अहवालाच्या पहिल्या तीन पानांवरचे ठळक आकडे उचलतो, मराठीत वाक्ये करतो आणि पान पुढे पाठवतो. वाक्ये चुकीची नसतात. पण अहवालात ज्या आकड्याखाली बारीक अक्षरांत "एवढ्या लोकांना विचारले" असे लिहिलेले होते, तो आकडा मराठीत एकटाच पोचतो. पुढे त्याच्या जोरावर यंत्राची ऑर्डर जाते किंवा नवे पाकीट छापले जाते.

नमुना म्हणजे ज्यांना प्रश्न विचारले ती माणसे किंवा घरे, आणि त्रुटीमर्यादा म्हणजे सगळ्यांना न विचारता थोड्यांनाच विचारल्यामुळे आकडा किती इकडेतिकडे असू शकतो त्याचा अंदाज. या दोन गोष्टी सारांशाच्या तळाशी एका टीपेत टाकून भागत नाही, कारण अहवालातल्या प्रत्येक कलाचा नमुना वेगळा असतो. हा लेख तेवढ्याच कामापुरता आहे.

उदाहरणासाठी एक अहवाल रचून घेऊ. फोंड्याच्या एका मसाला उद्योगाने तयार शागोती मसाल्याच्या खपाचे सर्वेक्षण करून घेतले आहे. दोन वर्षांपूर्वी एक फेरी झाली होती, आता दुसरी. यातले सर्व आकडे शिकवण्यासाठी घेतलेले आहेत, ते गोव्याच्या बाजाराचे खरे आकडे म्हणून कुणी वापरू नयेत. अहवालाच्या पहिल्या पानावर ठळक टायपात तीन गोष्टी आहेत:

तयार मसाल्याच्या वापरात 12 टक्के वाढ.
38 टक्के गोवेकर स्थानिक ब्रँड घेतात.
सासष्टीत निम्म्याहून अधिक ग्राहकांना छोटे पाकीट हवे.

हे तीन ठळक मुद्दे सारांशात कसे उतरवायचे ते एकेक पाहू.

पहिल्यांदा शेवटची पाने वाचा

अहवाल हातात आला की पहिले पान उघडायचा मोह होतो. तो आवरा आणि परिशिष्टात जा. सर्वेक्षण कसे केले त्याचे एक पान तिथे असते. ते नसेल तर अहवाल करणाऱ्या संस्थेकडून मागून घ्या, त्याशिवाय सारांशाला हात लावू नका. या पानावरून पाच गोष्टी एका कागदावर टिपा: कुणाला विचारले, त्यांना कसे निवडले, कधी विचारले, एकूण किती जणांना, आणि आकड्यांना भार, म्हणजे हिशेबात कमीजास्त वजन, दिला आहे का.

आपल्या उदाहरणात तिथे असे लिहिले आहे: 600 घरे, घरातला स्वयंपाक कोण ठरवतो त्या व्यक्तीची प्रत्यक्ष मुलाखत, 40 ठिकाणे आणि प्रत्येक ठिकाणी 15 घरे, डिझाइन इफेक्ट 1.5.

हा डिझाइन इफेक्ट नवख्यांकडून हमखास सुटतो. मुलाखती घेणारी मुलगी 600 वेगवेगळ्या गावांत 600 वेळा जात नाही. ती एका वाड्यावर जाते आणि तिथली 15 घरे करते. एकाच वाड्यावरच्या घरांच्या सवयी सारख्या असतात. तिथला भुसारी दुकानदार एकच, त्याच्याकडे मिळणारा मसाला एकच. त्यामुळे पंधरावे घर पहिल्या चौदांपेक्षा फारसे नवीन काही सांगत नाही. 600 घरांतून मिळालेली माहिती प्रत्यक्षात त्याहून कमी घरांइतकी भरते, आणि किती कमी ते डिझाइन इफेक्ट सांगतो. 600 ला 1.5 ने भागले की 400 उरतात. नमुना 600 घरांचा असला तरी ताकद 400 घरांची आहे.

अहवालात हा आकडा दिलेला नसेल आणि ठिकाणे निवडून त्यांतली घरे घेतली असतील, तर विचारा. उत्तर नाहीच मिळाले तर सारांशात साधी त्रुटीमर्यादा द्या आणि शेजारी "किमान" लिहा, कारण खरी मर्यादा त्याहून मोठीच असणार.

इथे पात्रांवांकडून एक प्रश्न ठरलेला असतो: "अरे, गोव्यात 14 लाखांवर माणसं, आणि 600 घरांवरून कसला अंदाज?" 2011 च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या 14,58,545 होती, पण त्रुटीमर्यादेच्या हिशेबात तो आकडा जवळजवळ येतच नाही. नीट निवडलेली 600 घरे गोव्यात जेवढी अचूकता देतात तेवढीच ती सबंध महाराष्ट्रातही देतील. उलट बाजूही तितकीच खरी आहे आणि ती जास्त महागात पडते: गोवा लहान आहे म्हणून इथे कमी नमुना चालतो असे नाही. देशभराच्या अहवालात दहा हजारांचा नमुना असतो आणि त्यात गोव्यातली पस्तीसेक घरे असतात. अशा अहवालातल्या गोव्याच्या आकड्याला दहा हजारांची त्रुटीमर्यादा लावणे ही सरळसरळ फसगत आहे.

प्रत्येक आलेखाखालचा बेस टिपा

आता आलेखांकडे. प्रत्येक आलेखाच्या किंवा तक्त्याच्या खाली बारीक अक्षरांत एक ओळ असते. तिच्यात हा प्रश्न कुणाला विचारला आणि ते किती जण होते ते लिहिलेले असते. या धंद्यात तिला बेस म्हणतात. पहिल्या पानावरचा ठळक मुद्दा घ्या, तो आतल्या कुठल्या आलेखावरून आला ते शोधा आणि त्याचा बेस शब्दाला शब्द उतरवून घ्या. हे काम कंटाळवाणे आहे आणि याला पळवाट नाही.

आपल्या अहवालात काय निघते पाहा.

पहिला मुद्दा, तयार मसाल्याचा वापर. बेस: सर्व घरे, 600. गेल्या तीन महिन्यांत तयार मसाला घेतलेली घरे 46 टक्के, म्हणजे 276.

दुसरा मुद्दा, स्थानिक ब्रँड. बेस: तयार मसाला घेणारी घरे, 276. त्यांतली 38 टक्के स्थानिक ब्रँड घेतात. म्हणजे "38 टक्के गोवेकर" हे शब्दच चुकले. 276 च्या 38 टक्के म्हणजे 105 घरे, आणि 600 घरांतली 105 म्हणजे साडेसतरा टक्के. अहवालातल्या तक्त्यात काही खोटे नव्हते, पहिले पान सजवणाऱ्याने बेस गाळला एवढेच. सारांशात वाक्य असे हवे: "तयार मसाला घेणाऱ्या घरांपैकी 38 टक्के."

तिसरा मुद्दा, सासष्टीतले छोटे पाकीट. बेस: सासष्टी तालुक्यातली तयार मसाला घेणारी घरे, 44. त्यांतल्या 25 घरांनी छोटे पाकीट हवे म्हटले, म्हणून 57 टक्के.

म्हणजे एकाच पहिल्या पानावर 600, 276 आणि 44 असे तीन वेगवेगळे नमुने शेजारी शेजारी, एकाच टायपात बसले होते.

बेस टिपताना एक जपा. काही तक्त्यांत दोन बेस असतात, भार दिलेला आणि न दिलेला. एखाद्या भागात जास्त मुलाखती झाल्या तर हिशेबात त्यांचे वजन कमी करतात, त्याला भार देणे म्हणतात. टक्केवारी भार दिलेल्या आकड्यावरूनच घ्या, पण त्रुटीमर्यादेसाठी आणि शेजारी लिहिण्यासाठी न दिलेला बेस वापरा, कारण प्रत्यक्षात तेवढ्याच लोकांशी बोलणे झालेले असते. आपल्या उदाहरणात दोन्ही सारखेच धरले आहेत.

त्रुटीमर्यादा स्वतः काढा

अहवालात बहुधा एकच त्रुटीमर्यादा छापलेली असते, ती पूर्ण नमुन्याची. आपल्या अहवालात "±4 टक्के" असे आहे. 600 घरे साधी चिठ्ठ्या टाकून निवडली असती तर ते बरोबर ठरले असते. इथे ठिकाणे निवडली होती, शिवाय दुसऱ्या आणि तिसऱ्या मुद्द्याचा नमुना 600 नाहीच. म्हणून प्रत्येक कलासाठी मर्यादा वेगळी काढायची. त्यासाठी संख्याशास्त्राची पदवी लागत नाही, एक्सेलमध्ये चार रकाने लागतात. B मध्ये टक्केवारी दशांशात, C मध्ये नमुना, D मध्ये डिझाइन इफेक्ट, आणि E मध्ये हे सूत्र:

```
=1.96*SQRT(B2*(1-B2)*D2/C2)*100
```

यातले 1.96 हे 95 टक्के खात्रीसाठी आहे. अर्थ असा की याच रीतीने शंभर सर्वेक्षणे केली तर सुमारे 95 वेळा खरा आकडा त्या त्या सर्वेक्षणाच्या मर्यादेच्या आत सापडेल. उरलेल्या पाच वेळा तो बाहेर असेल, आणि आपले सर्वेक्षण त्या पाचांतले आहे की नाही हे कळायला मार्ग नाही.

पहिल्या मुद्द्यासाठी 0.46, 600 आणि 1.5 घातले की उत्तर 4.9 येते. म्हणजे खरा आकडा साधारण 41 ते 51 यांच्या मध्ये. दुसऱ्यासाठी 0.38, 276, 1.5: उत्तर 7.0, म्हणजे 31 ते 45. तिसऱ्यासाठी 0.57, 44, 1.5: उत्तर जवळपास 18. सासष्टीत छोटे पाकीट हवे असणारे 39 टक्केही असू शकतात आणि 75 टक्केही. "निम्म्याहून अधिक" हे शब्द या नमुन्याला पेलत नाहीत.

हे सूत्र कुठे चालत नाही तेही माहीत हवे. नमुना तीसच्या खाली गेला, किंवा टक्केवारी शून्याच्या वा शंभराच्या फार जवळ असली, की उत्तर भरवशाचे राहत नाही. 44 घरांतल्या दोघांनी "रंग आवडला नाही" म्हटले तर त्याची टक्केवारी काढूच नका, "44 पैकी 2 घरे" एवढेच लिहा. माझ्या मते 50 च्या खालच्या प्रत्येक नमुन्यासाठी माणसे मोजूनच लिहावे. "57 टक्के" वाचताना वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर गर्दी येते, "44 पैकी 25" वाचताना एक वाडा येतो.

सरासरीचे आकडेही या सूत्रात बसत नाहीत. "महिन्याला सरासरी 210 रुपये खर्च" असे असेल तर त्रुटीमर्यादेसाठी प्रमाण विचलन लागते, म्हणजे घराघराच्या खर्चात किती फरक आहे त्याचे माप. ते तक्त्यात नसेल तर अहवाल करणाऱ्या संस्थेकडे मागा. मिळेपर्यंत सारांशात त्या आकड्याशेजारी नमुना लिहा आणि "त्रुटीमर्यादा उपलब्ध नाही" असे स्पष्ट नोंदवा. अंदाजाने काही ठोकून देऊ नका.

"वाढ" हा शब्द लिहिण्याआधी

अहवाल विकत घेणाऱ्याला खरा रस असतो तो बदलात, आणि नवख्यांची सर्वांत जास्त घसरगुंडीही तिथेच होते. आपल्या अहवालात "12 टक्के वाढ" आहे. मागच्या फेरीत तयार मसाला घेणारी घरे 41 टक्के होती, आता 46. फरक पाच टक्के-बिंदूंचा. 41 वर 5 म्हणजे बारा टक्के, म्हणून 12 हा आकडा खोटा नाही, पण तो वाचून 41 चे 53 झाले असे वाटते. सारांशात नेहमी दोन्ही मूळ आकडे लिहा, "41 वरून 46", म्हणजे गैरसमजाला जागाच उरत नाही.

आता हा पाचाचा फरक खरा आहे का? दोन्ही फेऱ्यांत चूक शक्य आहे, म्हणून फरकाची त्रुटीमर्यादा एकेकट्या आकड्याच्या मर्यादेपेक्षा मोठी असते. मागच्या फेरीतही 600 घरे आणि तोच डिझाइन इफेक्ट होता, त्यामुळे तिची मर्यादा 4.8. E मध्ये आताची आणि F मध्ये मागची मर्यादा ठेवली की फरकाची मर्यादा अशी:

```
=SQRT(E2^2+F2^2)
```

उत्तर 6.9. फरक 5, मर्यादा 6.9. फरक मर्यादेच्या आत आहे, म्हणजे खपात काहीच बदल झाला नसतानाही केवळ नमुन्याच्या नशिबाने एवढा फरक दिसू शकतो. सारांशात "वाढ झाली" लिहिता येणार नाही.

पण "वाढ झाली नाही" हेही लिहिता येणार नाही. हा दुसरा खड्डा तितकाच खोल आहे. फरक उणे 2 पासून अधिक 12 पर्यंत कुठेही असू शकतो. आपल्याला एवढेच म्हणता येते: "वाढ दिसते, पण या नमुन्यावरून ती खात्रीने सांगता येत नाही."

काही जण सोपी रीत म्हणून दोन्ही पट्टे शेजारी ठेवतात: 41 ते 51 आणि 36 ते 46, एकमेकांवर चढतात, म्हणजे फरक नाही. ही रीत फसवी आहे. पट्टे थोडे एकमेकांवर चढले तरी फरक खरा असू शकतो. आपल्या उदाहरणात फरक 8 असता तर पट्टे एकमेकांवर चढले असते, आणि तरीही 8 हा 6.9 पेक्षा मोठा म्हणून ग्राह्य ठरला असता. फरकाची मर्यादा वेगळी काढायला अर्धे मिनिट लागते, ती काढा.

आता अहवालाच्या आत, ज्याचा पहिल्या पानावर उल्लेखही नाही असा एक तक्ता पाहू: मसाला कुठून घेता? मागच्या फेरीत मसाला घेणाऱ्या 246 घरांपैकी 71 टक्के घरे तो भुसारी दुकानातून घेत होती. आता 276 पैकी 54 टक्के. फरक 17 टक्के-बिंदूंचा, आणि दोन्ही नमुने धरून फरकाची मर्यादा 10. फरक मर्यादेच्या बराच बाहेर आहे. घट कमीत कमी 7 आणि जास्तीत जास्त 27 असू शकते, पण घट झाली हे नक्की. मसाला उद्योगासाठी हाच साऱ्या अहवालातला सर्वांत भक्कम कल आहे, कारण त्यांचा सगळा माल आजवर भुसारी दुकानांतूनच जात आला आहे. पहिले पान सजवणाऱ्याला तो दिसला नाही. सारांश करणाऱ्याने एकेक तक्ता तपासला तरच तो हाती लागतो.

तक्ते तपासताना थोडा संयमही हवा. साठ तक्त्यांतला फरक तपासला तर काहीच बदललेले नसतानाही तीनेक ठिकाणी फरक मर्यादेबाहेर दिसेल, 95 टक्के खात्रीचा तोच अर्थ आहे. म्हणून जेमतेम बाहेर पडलेल्या एकट्या फरकावर उडी घेऊ नका. 10 च्या मर्यादेपुढे 17 असणे वेगळे, 10 च्या पुढे साडेदहा असणे वेगळे.

जे त्रुटीमर्यादेत मावत नाही

± च्या पुढचा आकडा फक्त नमुन्याच्या नशिबाची चूक सांगतो. प्रश्न चुकीचा विचारला, चुकीच्या माणसांना विचारला किंवा चुकीच्या वेळी विचारला, तर त्याची दखल हा आकडा घेत नाही. सारांशात याला एक-दोन ओळी लागतात.

आपल्या उदाहरणात वेळेची गोम आहे. मागच्या फेरीच्या मुलाखती डिसेंबरात झाल्या, या फेरीच्या ऑगस्टच्या शेवटी. प्रश्न दोन्ही वेळा तोच: "गेल्या तीन महिन्यांत तयार शागोती मसाला घेतला का?" ऑगस्टच्या शेवटी विचारले की तीन महिन्यांत जून, जुलै आणि ऑगस्ट येतात. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंदी असते, बाजारात नुस्ते कमी आणि महाग, म्हणून काही घरांत कोंबडीची शागोती जास्त वेळा होते. दुसरीकडे श्रावणात कितीतरी हिंदू घरांत मांसमच्छी शिजतच नाही, तिथे हा मसाला तसाच पडून राहतो. एक ओढ वर, एक खाली, आणि कुठली जड ते या अहवालावरून कळत नाही. डिसेंबरच्या फेरीत यातले काहीच नव्हते. म्हणजे 41 आणि 46 यांची तुलना आधीच लंगडी होती, तिची त्रुटीमर्यादा कितीही नीट काढली तरी.

हे तुम्ही गोव्यात राहता म्हणून तुमच्या लक्षात येते. मुंबईत बसून अहवाल लिहिणाऱ्याच्या ते लक्षात येईलच असे नाही. म्हणून फील्डवर्कच्या तारखा सारांशात पहिल्या ओळीतच लिहा.

दुसरी गोष्ट ऑनलाइन भरलेल्या फॉर्मांची. आपल्या अहवालात शेवटी एक प्रकरण आहे: "ऑनलाइन खरेदी", नमुना 210, आणि ही माणसे समाजमाध्यमावर टाकलेल्या लिंकवरून आपणहून आली. इथे 210 घालून सूत्रातून ±7 काढता येतो, आणि तसे करणारे भरपूर भेटतात. करू नका. त्रुटीमर्यादेचा सारा हिशेब कुणाची निवड व्हायची हे चिठ्ठीने ठरले यावर उभा आहे. लिंक उघडणारा माणूस आधीच ऑनलाइन आहे, तो ऑनलाइन खरेदी करतो यात नवल ते काय. अमेरिकेतली जनमत संशोधकांची संघटना आपोरसुद्धा अशा आपखुशीच्या नमुन्याला नेहमीची त्रुटीमर्यादा लावू नये असेच सांगते. सारांशात नमुन्याचा आकडा n ने दाखवून लिहा: "n=210, आपणहून भरलेला फॉर्म, त्रुटीमर्यादा लागू नाही." ± ची जागा रिकामी सोडली तर वाचणाऱ्याला वाटते टंकलेखनात राहून गेले.

पान लिहायला घ्या

आता लिहिणे सोपे आहे, कारण सगळे टिपून झाले आहे. नियम एकच: आकडा, नमुना आणि त्रुटीमर्यादा एकाच वाक्यात, एकाच ओळीत. तळटीप नको, पान उलटून मागे नको, "सर्व आकडे ±5 च्या आत" अशी सरसकट ओळही नको. कारण हे पान पानासारखे वाचले जात नाही. कुणीतरी एका ओळीचा फोटो काढतो आणि व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतो. तळटीप त्या फोटोत येत नाही.

आपल्या अहवालाचा सारांश असा होईल:

"गोव्यातील 600 घरे, 40 ठिकाणे, प्रत्यक्ष मुलाखती, ऑगस्टअखेर. मागची फेरी दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात, तीही 600 घरांची. त्रुटीमर्यादा 95 टक्के खात्रीने, डिझाइन इफेक्ट 1.5 धरून.

मसाला घेणाऱ्या घरांत भुसारी दुकानातून खरेदी 71 टक्क्यांवरून (n=246) 54 टक्क्यांवर (n=276) आली. घट 17, फरकाची मर्यादा ±10. ही घट खात्रीची.

तयार मसाला घेणारी घरे 46 टक्के (n=600, ±4.9). मागच्या फेरीत 41 टक्के (n=600, ±4.8). फरक 5, मर्यादा ±6.9, म्हणून वाढ खात्रीने सांगता येत नाही. शिवाय या फेरीच्या तीन महिन्यांत मासेमारी बंदी आणि श्रावण होते, मागच्या फेरीत नव्हते.

तयार मसाला घेणाऱ्या घरांपैकी 38 टक्के स्थानिक ब्रँड घेतात (n=276, ±7.0).

सासष्टीत मसाला घेणाऱ्या 44 पैकी 25 घरांना छोटे पाकीट हवे. नमुना लहान, मर्यादा सुमारे ±18, निर्णयासाठी अपुरा.

ऑनलाइन खरेदीचे आकडे: n=210, आपणहून भरलेला फॉर्म, त्रुटीमर्यादा लागू नाही, बाकीच्या आकड्यांशी तुलना करू नये."

क्रम पाहा. अहवालात पहिल्या क्रमांकावर असलेला मुद्दा इथे दुसरा आला आणि अहवालात ज्याचा ठळक उल्लेखच नव्हता तो पहिला. मजबूत कल वर, डळमळीत खाली. अहवालाचा क्रम पाळायचे बंधन सारांशावर नसते.

दशांशही मोजके ठेवा. टक्केवारी पूर्णांकात आणि मर्यादा एका दशांशापर्यंत एवढे पुरे. "46.17 टक्के, ±4.9" असे लिहिले तर तो .17 उगाच हुशारी दाखवतो, कारण त्याच्या शेजारीच आकडा पाच इकडेतिकडे असू शकतो असे लिहिले आहे.

पाठवण्यापूर्वी

पान छापून घ्या आणि लाल पेनाने प्रत्येक टक्केवारीभोवती गोल काढा. प्रत्येक गोलाच्या त्याच ओळीत n आहे का आणि ± किंवा तो का नाही याचे कारण आहे का, एवढेच पाहा. मग प्रत्येक "वाढ", "घट", "जास्त", "आघाडीवर" या शब्दाखाली रेघ मारा आणि त्याच्यासमोर फरकाची मर्यादा लिहिलेली आहे का ते बघा. नसेल तर शब्द काढा किंवा हिशेब करा.

"एवढे आकडे कशाला, सरळ सांग ना, सासष्टीत छोटं पाकीट चालेल का?" असे कुणी म्हणेलच. त्याला सरळ उत्तर द्या: या अहवालावरून सांगता येत नाही. सासष्टीपुरते ±7 पर्यंत यायचे असेल तर तिथली मसाला घेणारी 44 नव्हे, 290 च्या आसपास घरे लागतील, तेही 1.5 चा डिझाइन इफेक्ट धरून. मुलाखतीमागे अहवाल करणारी संस्था किती घेते ते अहवालाच्या बिलावर असते. त्याने गुणून दोन्ही आकडे पात्रांवांच्या पुढे ठेवा, एका बाजूला पुन्हा विचारायचा खर्च, दुसऱ्या बाजूला पाकीट यंत्राची किंमत.